एकच प्रलंबित तिकीटही धोकादायक

मुंबई : २७ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘नॉटपेट्या’ सायबर हल्ल्याने जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. हल्ल्यात वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवरील पॅच मायक्रोसॉफ्टने १०५ दिवस आधी, १४ मार्चलाच दिला होता.

असा विलंब टाळण्यासाठी प्रत्येक त्रुटीचे तिकीट नोंदवून तीव्रतेनुसार मुदत ठरवतात. अमेरिकेने २०१९ मध्ये इंटरनेटशी जोडलेल्या सरकारी यंत्रणांतील अतिगंभीर त्रुटींसाठी १५, तर उच्च तीव्रतेच्या त्रुटींसाठी ३० दिवस ठरवले. त्रुटी १४ मार्चला आढळली असती, तर या हिशेबाने मुदत २९ मार्च किंवा १३ एप्रिलला संपली असती.

मात्र पॅच नसलेला एकच संगणक ‘नॉटपेट्या’ला पुरेसा होता. तेथून चोरलेल्या पासवर्डने तो पॅच केलेल्या संगणकांतही शिरे. म्हणून फेरतपासणीत प्रत्येक संगणक सुरक्षित आढळेपर्यंत तिकीट खुलेच ठेवावे लागते.