‘मेहनती’ म्हणजे दरमहा किती बिलं?

लिंक्डइनवर किंवा बायोडेटाच्या सुरुवातीला चार ओळींचा परिचय लिहिताना ‘पॅशनेट, डायनॅमिक, मेहनती’ हे त्रिकूट हमखास येतं. ते खोटंच असतं असं नाही. पण ‘मी आळशी आणि निरुत्साही आहे’ असं कुणीच लिहीत नाही. त्यामुळे निवड करणाऱ्याला या शब्दांवरून दोन उमेदवारांत फरक करता येत नाही. तो फरक दिसतो कामाच्या तपशिलात, आणि तो तपशील काढायचा तर प्रत्येक विशेषणाला एक प्रश्न विचारावा लागतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं अकाउंट्स सांभाळणारी एक उमेदवार आहे. ‘मेहनती’ला प्रश्न: कोणतं काम, किती आणि कधीपर्यंत? उत्तर मिळतं: खरेदीची साधारण 400 बिलं ती दरमहा जीएसटीआर-2बीशी जुळवते. हे विवरण 14 तारखेला तयार होतं आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. ती जुळवणी 18 तारखेला संपवते. हिशेबातल्या माणसाला यातली धावपळ लगेच कळते.

‘डायनॅमिक’ला प्रश्न: काय बदललं, आणि तेव्हा तुम्ही काय केलं? कारखाना टॅलीवरून सॅपवर गेला, तेव्हा पुरवठादारांची खाती नव्या प्रणालीत तिने चढवली. ‘पॅशनेट’ला प्रश्न: कुणी न सांगता काय केलं? बिलं चढवायला उशीर करणाऱ्या पुरवठादारांची यादी करून ती 10 तारखेच्या आत त्यांना फोन करू लागली. त्यांच्या जीएसटीआर-1ची मुदत 11 तारीख. त्यामुळे क्रेडिट अडकणारी बिलं महिन्याला सुमारे 40 होती, ती 10वर आली.

आता परिचय असा होतो: ‘उत्पादन क्षेत्रात 6 वर्षं अकाउंट्स. दरमहा सुमारे 400 खरेदी बिलांची 2बीशी जुळवणी 18 तारखेपर्यंत. पुरवठादारांच्या पाठपुराव्यामुळे क्रेडिट अडकलेली बिलं 40वरून 10वर. टॅली ते सॅप बदलात पुरवठादार खात्यांची जबाबदारी.’ यात त्या त्रिकुटातलं एकही विशेषण नाही.

यातही चुका होतात. चौघांनी मिळून केलेलं काम एकट्याच्या नावावर लिहिलं, तर मुलाखतीत ‘यात तुमचा वाटा कोणता?’ या एका प्रश्नात ते उघडं पडतं. कंपनीची उलाढाल किंवा ग्राहकांची नावं गोपनीय असतील तर ती टाळून फक्त कामाचं प्रमाण द्यावं. आकडा नसेल तर ओढूनताणून ‘30 टक्के सुधारणा’ लिहू नये; काम आधी कसं चालायचं आणि आता कसं चालतं, एवढं पुरतं.

शेवटी प्रत्येक वाक्य शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या परिचयात टाकून पाहावं. तिथेही ते जसंच्या तसं बसलं, तर ते अजून तुमचं झालेलं नाही.