आधी धूसर, मग लख्ख

तासाभराच्या कीर्तनाचं ४केमध्ये केलेलं चित्रीकरण यूट्यूबवर चढतं, लगेच खुलं होतं आणि पहिल्याच प्रेक्षकांची तक्रार येते की महाराजांचा चेहरासुद्धा नीट दिसत नाही. फाइल बिघडलेली नसते. मूळ चित्रीकरण पूर्ण पोहोचलेलं असतं, पण ते जसंच्या तसं कुणालाच दाखवलं जात नाही. प्रेक्षक पाहतात त्या यूट्यूबने नव्याने बनवलेल्या प्रती असतात आणि त्यांतली लहान प्रत आधी तयार होते.

अशा एका चित्रीकरणाच्या १४४पीपासून २१६०पीपर्यंत, म्हणजे ४केपर्यंत, अनेक प्रती निघतात. प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत साठवली जाते. त्यामुळे मोबाइलची रेंज घसरली, की प्लेअर पुढचा तुकडा लहान प्रतीतून उचलतो आणि व्हिडिओ न थांबता चालू राहतो.

उशीर का होतो, हे गणितातून कळतं. ३६०पीच्या एका चौकटीत ६४० गुणिले ३६०, म्हणजे २,३०,४०० ठिपके असतात. ४केच्या चौकटीत ते ८२,९४,४०० होतात, बरोबर छत्तीसपट. सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर तासाभरात अशा १,०८,००० चौकटी होतात.

शिवाय ठिपके नुसते मोजून भागत नाही. एन्कोडर प्रत्येक चौकटीचे चौकोन पाडतो आणि त्यातला प्रत्येक चौकोन आधीच्या चौकटीत कुठे होता, हे शोधतो. सापडला तर पूर्ण चित्राऐवजी फक्त सरकण्याची नोंद आणि उरलेला फरक साठवायचा. जितका कसून शोध, तितकी फाइल लहान आणि तितकाच वेळ जास्त. जुना एच.२६४ हे काम तुलनेने झटपट उरकतो. यूट्यूब ४केसाठी मात्र व्हीपी९ किंवा एव्ही१ वापरतं. हे प्रकार बरीच जागा वाचवतात, पण त्यांचं गणित कितीतरी जड असतं.

व्हिडिओचे तुकडे अनेक यंत्रांवर एकाच वेळी चालवले जातात, तरी तीच यंत्रं इतरांच्या अपलोडसाठीही राबत असतात. २०२१मध्ये गुगलने या कामासाठी खास बनवलेल्या चिपची माहिती जाहीर केली, यावरून हा भार किती मोठा आहे ते कळतं. तासाभराच्या, सेकंदाला ३० चौकटींच्या ४के व्हिडिओला चार तासांपर्यंत लागू शकतात, असं यूट्यूबच सांगतं. ६० चौकटी असतील तर आणखी.

काम कुठवर आलं, ते प्लेअरच्या गिअर चिन्हात दिसतं. तिथे २१६०पी आलं, की ती प्रत तयार. व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडलं, तर कोडेकसमोर `avc1`, `vp09` किंवा `av01` दिसतं. `avc1` म्हणजे एच.२६४.

फाइल पुसून पुन्हा चढवली तर रांग पहिल्यापासून सुरू होते. त्यापेक्षा व्हिडिओ आदल्या रात्री अनलिस्टेड ठेवून चढवावा, ४केचा पर्याय आलेला पाहावा आणि सकाळी सार्वजनिक करावा.