फोटोतल्या स्लिपचा हिशेब

पतसंस्थेत कर्जाला अर्ज केला की पगाराची स्लिप मागतात, आणि हल्ली ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून येते. घडी पडलेली, अर्ध्या भागावर सावली. त्यातून हवे असतात तीनच आकडे: एकूण कमाई, एकूण कपात आणि हातात पडणारी रक्कम.

फोटोतला मजकूर फोन उचलून देतो, पण बहुतेक स्लिपांवर डावीकडे कमाई आणि उजवीकडे कपात असते. फोन आडवी ओळ वाचत जातो, त्यामुळे मूळ वेतन आणि पीएफ एकाच ओळीत चिकटून येतात. यावर सोपा उपाय म्हणजे फोटोचे उभे दोन तुकडे करायचे आणि दोन्ही वेगवेगळे वाचायचे.

कमाईच्या बाजूला बऱ्याचदा रकमांचे दोन रकाने असतात. एकात पूर्ण महिन्याचा दर, दुसऱ्यात भरलेल्या दिवसांची रक्कम. आपल्याला हवा दुसरा. समजा, चाकणच्या एका कामगाराचे तीस दिवसांच्या महिन्यात दोन दिवस बिनपगारी गेले. त्याच्या स्लिपवर मूळ वेतन व महागाई भत्ता १५,००० दिसेल, पण मिळालेले १४,०००. घरभाडे भत्ता ५,६००, प्रवास भत्ता १,४०० आणि ओव्हरटाइमचे १,२६० धरून कमाई होते २२,२६०.

कपातीत फोनने वाचले: पीएफ १,८८०, व्यवसाय कर २००, कँटीन ४३०, उचल १,५००. बेरीज ४,०१०. स्लिपवर मात्र छापलंय ३,८१०. फरक नेमका दोनशेचा, म्हणून पहिला संशय जातो व्यवसाय करावर. तो चुकून दोनदा धरला का? पण महाराष्ट्रात एवढ्या पगाराच्या पुरुषाला फेब्रुवारी सोडून दरमहा २००च लागतो, तेव्हा तो आकडा बरोबर आहे. मग पीएफ तपासायचा. ओव्हरटाइम आणि घरभाडे त्यात धरत नाहीत. १४,००० चे बारा टक्के म्हणजे १,६८०. घडीच्या रेघेने सहाचा आठ केला होता. (मूळ वेतन पंधरा हजारांच्या वर असेल तर ही ताडणी जपून करावी, अनेक कंपन्या १,८०० वरच थांबतात.)

आता २२,२६० मधून ३,८१० वजा केले की उरतात १८,४५०. स्लिपच्या तळाशी ही रक्कम अक्षरी लिहिलेली असेल तर तीही वाचावी. आकड्यातला सहा आठसारखा दिसू शकतो, शब्दातला नाही. बँकेत जमा झालेली रक्कम ही आणखी एक खूण, फक्त काही कंपन्या पगाराचा थोडा भाग वेगळा जमा करतात.

अक्षरी रकमेच्या आसपास काही स्लिपांवर मालकाचा पीएफ हिस्साही छापतात. तो कामगाराच्या पगारातून कापलेला नसतो. तोही १,६८० समजून वजा केला, तर त्याचा पगार कागदावर १६,७७० होईल आणि कर्जाचा हप्ता त्यावरच ठरेल.