मोसंबीची बाग आणि आजचा रुपया

२०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. कुणी टँकरने झाडे जगवत होते, कुणी बागेवर कुऱ्हाड चालवत होते. माझ्या मावसभावाची एक एकराची बाग तेव्हा आठव्या वर्षात होती. टँकर लावावा की बाग काढावी, हा त्याचा प्रश्न. माझे शिक्षण वाणिज्याचे नाही, पण त्या प्रश्नाने मला निव्वळ वर्तमान मूल्य ही कल्पना शिकायला लावली.

मोसंबीचा पैसा सरळ रेषेत येत नाही. खड्डे, कलमे, ठिबक यांचा खर्च पहिल्याच दिवशी होतो. पुढची चार वर्षे फक्त घालायचे. पाचव्या वर्षापासून बहार हाती लागतो. त्याच्या वहीवरून मी गोळाबेरीज आकडे घेतले. त्याच जमिनीत कापसाने जे उरले असते ते आधीच वजा केले, कारण बाग लावणे म्हणजे तेवढ्या कापसावर पाणी सोडणे. सुरुवातीला १,२०,००० रुपये खर्च, मग चार वर्षे दरसाल ३०,०००. पाचव्या वर्षी ६०,००० ची मिळकत, सहाव्या वर्षी १,००,००० आणि सातव्या ते दहाव्या वर्षी दरसाल १,२०,०००. जमीन हलकी, पाणी बेभरवशाचे, म्हणून बागेचे आयुष्य दहाच वर्षे धरले. साधी बेरीज केली तर २,४०,००० घालून ६,४०,००० मिळतात, म्हणजे चार लाखांचा नफा.

या बेरजेत एक खोट आहे. दहाव्या वर्षीचा रुपया आणि आजचा रुपया तिने एकाच तराजूत तोलले. आजचे शंभर रुपये तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात शेकडा १२ ने वाढत असतील, तर वर्षाने ११२ होतात. उलट वाचले तर वर्षाने मिळणाऱ्या ११२ ची आजची किंमत १००. म्हणून प्रत्येक वर्षाची रक्कम, जितकी वर्षे लांब तितक्या वेळा, १.१२ ने भागायची. दहाव्या वर्षीचे १,२०,००० असे भागत आणले की जेमतेम ३८,६०० उरतात. रक्कम दरसाल सारखी नसल्यामुळे येथे एकगठ्ठा गुणाकार चालत नाही. वर्षागणिक वेगळी ओळ मांडावी लागते. सगळ्या ओळींची बेरीज केल्यावर खर्चाची आजची किंमत सुमारे २,११,१०० आणि मिळकतीची २,६९,४०० येते. फरक ५८,२००. हेच निव्वळ वर्तमान मूल्य. नियम असा : ते शून्याच्या वर असेल तर प्रकल्प घ्यावा, खाली असेल तर सोडावा; आणि दोनांतला एकच घेता येत असेल तर ज्याचे मूल्य मोठे तो घ्यावा.

आता आठव्या वर्षी दुष्काळ घाला. १,२०,००० येण्याऐवजी टँकरपायी ८०,००० जातात. साधी बेरीज अजूनही दोन लाखांचा नफा दाखवते. वर्तमान मूल्य मात्र उणे २२,५०० वर उतरते. म्हणजे हा दुष्काळ आधी ठाऊक असता, तर बाग लावायलाच नको होती.

मग ती तोडावी का? मावसभाऊ म्हणाला, "अरे, इतका पैसा घातलाय, आता सोडू कशी?" त्याचा निर्णय कदाचित बरोबर होता, पण कारण चुकीचे होते. घातलेला पैसा टँकर लावला तरी गेला आणि बाग काढली तरी गेला. म्हणून तो नव्या हिशोबात येत नाही. त्या दिवशीचा प्रकल्प एवढाच : आज ८०,००० घालायचे आणि पुढची दोन वर्षे १,२०,००० घ्यायचे. त्या दोन रकमांची आजची किंमत २,०२,८००. खर्च वजा जाता अधिक १,२२,८००. जी बाग लावणे चुकीचे होते, तीच वाचवणे बरोबर!

पण येथे एक फट आहे. पाण्याने झाड जगते, बहार येतोच असे नाही. ताण सोसलेल्या झाडाने पुढचे एक वर्ष फळ दिले नाही आणि उलट ३०,००० खाल्ले, तर तेच मूल्य उणे ११,१०० होते. म्हणजे निर्णय टँकरच्या दरापेक्षा पुढच्या वर्षीच्या बहारावर लटकला होता. तो अंदाज झाडाकडे पाहून बांधायचा असतो : फांद्या शेंड्याकडून किती वाळल्या, बुंध्यावर डिंक्या किती.

दुसरी मर्यादा आयुष्याची. हीच बाग पंधरा वर्षे टिकून तेवढेच देत राहिली, तर तो आठव्या वर्षाचा दुष्काळ धरूनही लागवडीचे मूल्य अधिक १,१६,७०० होते. म्हणून हा आकडा कुणी पुढे ठेवला, की मी आधी दोन गोष्टी विचारतो : वर्षे किती धरली, आणि त्यांत कोरडी किती?

मावसभावाने टँकर लावला. हिशोब मी त्याला नंतर दाखवला. वहीतले आकडे पाहत तो म्हणाला, "हे लावायच्या आधी मांडायला हवं होतं."