‘निघालोच’ जीवनगौरव पुरस्कार

कोजागरीच्या रात्री दूध आटेपर्यंत गच्चीवर आमच्या मित्रमंडळींत पुरस्कार सोहळा होतो. निवेदन माझ्याकडे असतं, आणि त्याची तयारी नवरात्रातच सुरू होते. मी प्रत्येकाला वेगळा फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो : ‘यंदा कोणाचा कुठला प्रसंग आठवला की हसू येतं?’ ‘कोण कसं आहे’ असं कधीच विचारत नाही. तसं विचारलं की नुसती विशेषणं हाती लागतात : आळशी, बडबड्या, विसरभोळा. विशेषणावर पुरस्कार दिला की तो टोमणा होतो.

एक उदाहरण घेतो. आमच्यातला एक जण कायम उशिरा येतो. ‘लेटलतीफ पुरस्कार’ म्हटलं तर कोणी हसणार नाही, कारण ती तक्रार सगळ्यांनी वर्षभर केलेलीच असते. मग फोनवर मिळालेला प्रसंग घ्यायचा आणि तो मानपत्राच्या भाषेत लिहायचा. सत्कारात वाचतात तीच भारदस्त भाषा, तोच आदरार्थी ‘आपण’ आणि ‘हे’. भाषा जितकी गंभीर, तितका क्षुल्लक तपशील खुलतो. तयार झालेलं निवेदन असं होतं :

‘मित्रहो, काळ कोणासाठी थांबत नाही म्हणतात. आजच्या मानकऱ्यांनी मात्र काळाला स्वारगेटच्या स्टँडवर ताटकळत ठेवलं आहे. सिंहगडाला जायचं होतं. पहाटे साडेपाचला फोन केला तेव्हा हे म्हणाले, “निघालोच.” मागे बादलीत पाणी पडत होतं. सहा वाजता म्हणाले, “पोचतोच.” मागून आई विचारत होत्या, “पोह्यांवर खोबरं घालू का?” सव्वासातला हे रिक्षातून उतरले, आम्हां सर्वांकडे पाहिलं आणि म्हणाले, “अजून इथेच?” जागचं न हलता निघण्याची ही सिद्धी ज्यांना लाभली, त्यांना “निघालोच” जीवनगौरव पुरस्कार!’

यात नाव नाही. नाव शेवटी घ्यायचं असतं, आणि बादलीच्या आवाजापाशीच सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या तर निवेदन जमलं. ज्या शब्दावर हसू येतं तो वाक्याच्या शेवटी ठेवायचा आणि मग क्षणभर थांबायचं. हसण्यावर पुढचं वाक्य टाकलं तर दोन्ही वाया जातात. एका पुरस्काराला मिनिटभर पुरतं. दोन प्रसंग सांगायचा मोह होतो, पण दुसरा ऐकताना लोक पहिल्याशी तुलना करू लागतात. सन्मानचिन्ह प्रसंगातूनच निघावं. याला पुठ्ठ्याच्या सोनेरी चौथऱ्यावर चिकटवलेलं, बंद पडलेलं गजराचं घड्याळ दिलं.

कॉलेजच्या गॅदरिंगमधले फिशपाँड, म्हणजे शेलापागोटे, निनावी चिठ्ठ्यांतून येत. लिहिणारा लपलेला असे, म्हणून काही चिठ्ठ्या फार बोचत. इथे निवेदक समोर उभा असतो आणि रात्री त्याच पातेल्यातलं दूध पिणार असतो. म्हणून मी प्रत्येक प्रसंग एका चाळणीतून काढतो : हा किस्सा तो माणूस स्वतः चारचौघांत सांगतो का? सांगत असेल तर घ्यायचा. वजन, पगार, लग्न, मूल, नोकरी यांवरचं काहीही नाही. बिल आलं की ज्याला फोन येतो त्याच्यावर पुरस्कार सुचवला गेला होता. तो मी गाळला, कारण त्या महिन्यात त्याच्या खिशात काय होतं हे आम्हांला ठाऊक नव्हतं. विज्ञानातल्या गमतीदार संशोधनाला 1991पासून दिले जाणारे इग नोबेलही विजेत्याला आधी गुपचूप कळवतात आणि नाकारायची मोकळीक देतात. मला शंका असली तर मीही आधी विचारतो.

तरीही एखादा वार चुकतोच. तो ओळखता येतो : लोक हसण्याआधी मानकऱ्याचा चेहरा पाहतात, आणि तो सगळ्यांच्या नंतर हसतो. अशा वेळी खुलासा करत बसायचं नाही. उरलेलं निवेदन सोडून सन्मानचिन्ह हातात द्यायचं आणि त्याला बोलू द्यायचं. शेवटचा शब्द त्याचा झाला की तो पुन्हा बरोबरीला येतो.

पुरस्कार प्रत्येकाला एकच. सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो गप्प माणसाच्या पुरस्काराला, कारण त्याचे किस्से कोणी सांगत नाही. आमच्यातली एक मैत्रीण अशीच. फोनवर कोणालाच काही आठवेना. मग सहलींचे फोटो काढून बसलो, तेव्हा दिसलं की ती बहुतेक फोटोंत शेवटी उभी आहे आणि तिचं एक बोट हवेत आहे. ती माणसं मोजत होती. तिला ‘अखिल भारतीय शिरगणती पुरस्कार’ दिला, आणि तो सगळ्यांत शेवटी ठेवला. भाषणाला उठल्यावर तिने आधी गच्चीवरची माणसं मोजली आणि एक कमी असल्याचं जाहीर केलं. ‘निघालोच’चा मानकरी दूध ढवळायला खाली गेला होता.