मिठाचा न मोजता येणारा आकडा

सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, दोघेही सुखी होतात आणि मीठ तयार होते. शाळेत सगळेच ही गोष्ट ऐकतात. ऊर्जेचा हिशेब मांडला की मात्र ती लंगडी पडते. सोडियमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे 496 किलोज्यूल खर्च येतो, आणि तो क्लोरीनच्या अणूला दिल्यावर परत मिळतात फक्त 349. म्हणजे या देवघेवीत 147 किलोज्यूलचा तोटाच आहे.

मग सोडियमचा तापवलेला तुकडा क्लोरीन वायूत पिवळ्या ज्योतीने जळतो आणि भरपूर उष्णता बाहेर टाकतो, ती येते कुठून? सुटे आयन एकमेकांना खेचत स्फटिकात येऊन बसतात तेव्हा ती मिळते. एक मोल स्फटिक, मिठाच्या बाबतीत सुमारे साडेअठ्ठावन्न ग्रॅम, पूर्णपणे फोडून त्याचे सुटे वायुरूप आयन करायला जितकी ऊर्जा लागेल, तिला जालक एन्थाल्पी म्हणतात. आयन जुळताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. काही पुस्तके जुळण्याची बाजू धरून हा आकडा ऋण लिहितात, म्हणून कोष्टक वाचताना आधी तिथली व्याख्या पाहावी.

अडचण अशी की हा आकडा सरळ मोजता येत नाही. मीठ 801 अंशांना वितळते. आणखी तापवले तर त्याची वाफही होते, पण त्या वाफेत सुटे आयन नसतात. सोडियम आणि क्लोरीन तिथेही जोडीनेच फिरतात. आयन वेगळे करून उष्णता मोजावी, असे भांडे कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञांनी 1919 मध्ये यावर आडवाटेचा उपाय काढला. त्याला आधार होता हेसच्या 1840 च्या नियमाचा: सुरुवात आणि शेवट तेच असतील, तर मधल्या वाटा कितीही वेगळ्या असल्या तरी एन्थाल्पीतला एकूण बदल तोच राहतो. मिठाच्या बाबतीत सरळ वाटेचा आकडा हाती असतो. घन सोडियम आणि क्लोरीन वायूपासून एक मोल मीठ बनताना 411 किलोज्यूल बाहेर पडतात. आता तोच प्रवास कल्पनेत लांबच्या वाटेने करायचा.

आधी घन सोडियमचे सुटे वायुरूप अणू करायचे, त्याचा खर्च 108. मग प्रत्येक अणूचा इलेक्ट्रॉन काढायचा, 496. क्लोरीन वायूत अणू जोडीने असतात; एक मोल जोड्या तोडायला 242 लागतात, पण मिठाच्या एका मोलाला क्लोरीनचे अणू एकच मोल हवेत, म्हणून निम्मेच धरायचे, 121. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतला की 349 परत मिळतात.

108 + 496 + 121 − 349 = 376

स्फटिक जुळण्याआधीच 376 किलोज्यूल अंगावर आले. तरीही शेवटी 411 बाहेर पडतातच. म्हणजे शेवटच्या पायरीने आधीचे 376 फेडून वर 411 दिले असणार: एकूण 787. हीच मिठाची जालक एन्थाल्पी.

विद्यार्थी अडखळतात ते नेमके क्लोरीनच्या दोन पायऱ्यांवर. 121 च्या जागी 242 धरले तर उत्तर 908 येते. 349 वजा करण्याऐवजी मिळवले तर थेट 1485. दोन्ही बेरजा कागदावर अगदी निर्दोष दिसतात. चूक पकडायची तर आकडा दुसऱ्या मार्गानेही काढून पाहावा लागतो. आयन म्हणजे विद्युतभार असलेले गोल, असे मानून त्यांच्या अंतरावरून आणि स्फटिकातल्या मांडणीवरून तो गणिताने काढता येतो. बॉर्न आणि आल्फ्रेड लांडे यांनी तसे सूत्र दिले होते. त्या पद्धतीने मिठाचे उत्तर 787 च्या आसपासच येते, फरक थोड्याच टक्क्यांचा. तेव्हा 1485 लिहिणाऱ्याने बेरीज पुन्हा करावी.

पण दोन उत्तरांतली तफावत प्रत्येक वेळी हिशेबाच्या चुकीने येत नाही. सिल्व्हर आयोडाइडचे चक्र काळजीपूर्वक मांडले तर 889 किलोज्यूल मिळतात, गोलांच्या गणितातून मात्र 778 च्या सुमारास. इथे चुकते ते गृहीतक. आयोडाइडचा आयन मोठा, त्याचा इलेक्ट्रॉन-ढग सैल; चांदीचा आयन तो आपल्याकडे ओढतो, आणि आयनांच्या आकर्षणाच्या जोडीला इलेक्ट्रॉनांची थोडी भागीदारीही येते. स्फटिक त्यामुळे अधिक घट्ट बांधला जातो आणि ही जादा पकड निव्वळ गोलांच्या सूत्रात कुठेच धरलेली नसते. मीठ पाण्यात सहज विरघळते, सिल्व्हर आयोडाइड मात्र जवळजवळ विरघळतच नाही. त्यामागे या जादा पकडीचाही हात आहे.