पुण्याचा नंबर न्यूजर्सीत कुणाला लागतो?

मुलाकडे न्यूजर्सीला आलेल्या आजींनी रोमिंग सुरू असलेल्या भारतीय सिमवरून पुण्यातल्या शेजारणीला फोन लावला, असं समजा. नंबर ९७३ने सुरू होणारा, दहा आकडी. तोच वर्षानुवर्षं फोनमध्ये जतन केलेला. पलीकडून इंग्रजीत कुणी अनोळखी माणूस बोलू लागला, तर दोष शेजारणीचा नाही. अमेरिकेतले नंबरही दहा आकडीच असतात आणि ९७३ हा उत्तर न्यूजर्सीचाच एरिया कोड आहे. परदेशात आपला कॉल आधी तिथल्या नेटवर्कच्या हाती जातो, आणि नुसते दहा आकडे दिसले की बहुतेकदा ते त्यांना आपल्याच देशातले समजतं. ९८२सारखा कोड तिथे वापरातच नाही. तो लावला तर कॉल लागत नाही, एवढंच. ते परवडलं!

यावर उपाय म्हणजे नंबर +९१ लावून जतन करणं. फोनवर ० दाबून धरलं की + उमटतो. ‘पुढचे आकडे देशाच्या कोडपासून सुरू होतात’ एवढंच तो नेटवर्कला सांगतो. परदेशी कॉलसाठी भारतातून ००, अमेरिकेतून ०११, जपानमधून ०१० लावावे लागतात. ही पाठांतराची कटकट + मुळे संपते. म्हणून कुणी ‘००९१’ असं जतन केलं असेल, तर ते युरोपात चालेल, अमेरिकेत नाही.

मात्र +९१ नंतर जुना शून्य ठेवायचा नाही. ०२०ने सुरू होणारा पुण्याचा लँडलाइन +९१ २० असा लिहायचा. मोबाइल नंबरांआधी शून्य लावून ठेवण्याची सवयही अनेकांना आहे, तोही काढून टाका. भारतात परतल्यावर हे नंबर बदलावे लागत नाहीत. इथेही +९१ने कॉल नेहमीसारखाच लागतो आणि जादा पैसे पडत नाहीत.

घोळ लवकर लक्षात येत नाही, कारण शेजारणीचा फोन आला की नाव बरोबर दिसतं. फोन शेवटचे आकडे जुळवतो. आलेल्या कॉलच्या यादीतून उलट फोन केला तर तोही लागतो, कारण तिथे नंबर बहुधा +९१सकट नोंदलेला असतो. यादीतून लागतो आणि नावावरून लागत नाही, असं झालं तर दुखणं हेच. एसएमएस मात्र आपल्या भारतीय कंपनीच्या केंद्रातून जातो, त्यामुळे दहा आकड्यांवरही तो पोचू शकतो. मेसेज गेला म्हणजे कॉलही लागेल, असं धरून चालू नका. व्हॉट्सअ‍ॅप कोड नसलेला नंबर तुमच्या स्वतःच्या खात्याच्या देशातला मानतं. म्हणजे भारतीय नंबरवर खातं आहे तोवर सगळं ठीक. अमेरिकन नंबरावर नवं खातं उघडलंत, की + नसलेली माणसं सापडेनाशी होतात.

१८००चे टोल-फ्री नंबर +९१ लावूनही परदेशातून सहसा लागत नाहीत. बँकेचा परदेशातून लावायचा वेगळा नंबर निघण्यापूर्वीच शोधून, + सकट जतन करून ठेवा.